उडालेलं टिंब

माझं डोकं गरम, पण काम चोख. त्या मंगळवारपर्यंत मी हे सगळ्यायले छाती ठोकून सांगत होती.

धंतोलीतल्या लहान मुलांच्या एका दवाखान्यात मी कॉम्प्युटरचं काम पाहते. पीडीएफमधले बिलांचे, वजनांचे, डोसचे जुने तक्ते नव्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायचे होते. निघालेले कॉलम म्हणजे नुसता कचरा! कुठे जास्तीची स्पेस, कुठे ₹, कुठे 'Rs. 1,250'. रेजेक्सनं, म्हणजे नको ती अक्षरं शोधून उडवणाऱ्या सूत्रानं, साफ करताना मी आधी अंक आणि टिंब ठेवलं, बाकी उडवलं. तर 'Rs.'चं टिंब मागे उरलं अन् .1250 आलं. साडेबाराशेच्या बिलाचे साडेबारा पैसे!

"मिनल, काहून वेळ लावून राहिली वं?" आमचे साहेब, रुपरावभाऊ, मागून ओरडले. "वॉर्डात औषधांची यादी पाहिजे."

माझी सटकली. मी [^0-9] लिहिलं, म्हणजे अंक सोडून सगळं उडव. बिलं पूर्ण रुपयांची होती, एकदम सफा झाली. मग तेच आकड्यांच्या सगळ्या कॉलमांवर चालवलं अन् न पाहता यादी वर पाठवली.

चहा पिताना सहज वजनाचा कॉलम पाहिला. चार महिन्यांचं बाळ, वजन ५८ किलो. मले हसू आलं.

अन् मग लक्षात आलं. ५.८चं टिंब उडालं होतं. बाजूच्याच कॉलममध्ये त्याच बाळाच्या हृदयाच्या औषधाचा डोस होता, ०.६ मिली. टिंब गेलं की ०६, म्हणजे सहा. दहापट! अठ्ठावन्न किलोवर कोणीही थबकेल, पण सहावर कोण थबकते?

डोस बाराचा. बाराले सात मिनिटं कमी होती. वॉर्डचा फोन एंगेज. मी जिन्यानं धावली, चप्पल कुठे राहिली कोणास ठाऊक. देवा, दिलं नसू दे, एवढंच तोंडात होतं.

सिंधूताई सिस्टर खाटेजवळ उभ्या होत्या, हातात भरलेली मोठी सिरिंज. बाळ आईच्या, अपेक्षाच्या मांडीवर.

"थांबा! सहा नाही, पॉइंट सहा!"

"म्हणूनच म्हटलं, एक मिलीच्या सिरिंजमध्ये काहून मावत नाही. मोठी आणायले गेली होती मी." सिंधूताईंनी कागदी फाइल उघडून पाहिलं, अन् त्या पांढऱ्याफटक पडल्या. सिरिंज ट्रेमध्ये रिकामी केली. "यादीतला हा पहिलाच डोस होता. बाकी कोणाले दिलं नाही."

अपेक्षानं माझे दोन्ही हात धरले. ती रडत होती. "ताई, तुमीच वाचवलं माह्या लेकराले. देवासारख्या आल्या."

गप्प राहता आलं असतं. पण त्या बाळाची इवलीशी छाती माझ्यासमोर भराभर वरखाली होत होती.

"ती यादी मीच केली होती," मी म्हटलं.

अपेक्षानं माझे हात सोडले, बाळाले पोटाशी घट्ट धरलं अन् माझ्याकडे पाठ केली.