हिरवा दिवा

लोटनभाऊंना डाव्या कानानं जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं आणि उजवाही हळूहळू तिकडेच निघाला होता, हे त्यांनी दोन वर्षं जगापासून लपवलं होतं. ड्रायव्हर माणूस! कान गेले म्हटलं की कोण देणार हातात गाडी? तीस वर्षं त्यांनी सुमनबाईंच्या घरची गाडी चालवली होती. साहेब होते तेव्हा साहेबांची, आणि साहेब गेल्यावर वहिनींची, म्हणजे सुमनबाईंची. दोंडाईच्याहून आलेला हा माणूस जळगावात पिंप्राळ्यातल्या त्या घरी मोठा झाला, म्हातारा झाला आणि आता तिथून निघायचं म्हटलं तर कुठे जायचं हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

जुनी डिझेल गाडी होती तोवर निभावलं. कान नसले तरी इंजिन तळपायाला कळायचं. मग वहिनींच्या पुण्याच्या मुलानं आईसाठी हायब्रिड, म्हणजे बॅटरी आणि पेट्रोल दोन्हींवर चालणारी गाडी पाठवली आणि लोटनभाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. बटण दाबलं तरी थरथर नाही, काही नाही! पहिल्या दिवशी त्यांनी तीनदा बटण दाबलं, तीनदा बंद केलं, आणि शेवटी म्हणाले, "वहिनी, गाडी मेलेली शे!"

शोरूमचा लीलाधर हसत हसत आला. "नाना, मेलेली कशाला? हा हिरवा दिवा बघा, रेडी लिहिलेला. हा लागला म्हणजे गाडी चालू. आवाज असो नसो, गियर टाकला की निघाली. इंजिन लागेल तेव्हा तिचं ती लावते, बंदही तिचं ती करते."

आणि गंमत म्हणजे लोटनभाऊंना ती गाडी फार आवडायला लागली. का नाही आवडणार? इतकी वर्षं गाड्या कानाशी बोलायच्या, ही डोळ्यांशी बोलत होती! एका सकाळी रेडी लागेचना, बाकीचे दिवेही मिणमिणते. घरात बोंबाबोंब, लाखाची बॅटरी गेली म्हणून. लीलाधरनं सांगितलं की मोठी बॅटरी ठणठणीत आहे, साध्या गाडीत असते तसली छोटी बारा व्होल्टची बसलीय. ती नसली तर मोठीला जागं कोण करणार? दुसऱ्या वेळी मागच्या सीटवर कापसाचं गाठोडं ठेवलं होतं, आणि बॅटरीला हवा मिळत नाही असा निरोप पडद्यावर आला. सीटच्या बाजूची जाळी गाठोड्यानं झाकली होती आणि आत कापसाचे तंतू अडकले होते. लीलाधरनं जाळी साफ केली. बजावून गेला की पिवळी सूचना आली तर मला फोन करा, पण लाल दिव्याबरोबर हायब्रिडचं नाव आलं तर गाडी बाजूला घ्या आणि पुढे रेटू नका. लोटनभाऊंनी सगळं पाठ केलं. दिव्यांच्या भरवशावर त्यांना वाटायला लागलं, कान गेले तर गेले, आपलं काही अडत नाही.

इथेच घात झाला.

मे महिना होता. जळगावचं ऊन काय सांगायचं, दाराच्या कडीला हात लावला तर चटका बसावा. वहिनींना बँकेतून घरी आणून लोटनभाऊंनी गाडी गॅरेजमध्ये घेतली. हळू चालताना ती बॅटरीवरच चालते, त्यामुळे पायाला काही जाणवलं नाही. गाडी पी, म्हणजे पार्किंगच्या गियरमध्ये टाकली. एसी चालूच होता. तेवढ्यात वहिनींच्या पिशवीतली केळी सीटखाली सांडली. ती गोळा करण्याच्या नादात बटण राहिलं. किल्ली खिशात, हातात पिशवी, दार लावलं, लू आत येऊ नये म्हणून शटर खाली ओढलं आणि भाऊ अंगणातल्या कडुलिंबाखाली जाऊन आडवे झाले.

गॅरेजमध्ये उघडणाऱ्या खिडकीत वहिनींच्या खोलीचा कूलर बसवलेला होता. बाहेर ऊन, गॅरेजमध्ये सावली. थंड हवा ओढावी म्हणून साहेबांनीच तो तसा बसवला होता. वहिनी जेवून त्याच्यासमोर झोपल्या. एसीनं बॅटरी उतरवली, गाडीनं शहाण्यासारखं इंजिन लावलं आणि चार्ज झाल्यावर बंद केलं, मग पुन्हा लावलं. तिला काय माहीत शटर बंद आहे ते? निघालेला धूर कूलर ओढत राहिला आणि वहिनींच्या तोंडावर फेकत राहिला.

भाऊंना जाग आली आणि ते चष्मा शोधायला लागले. तो गाडीतच राहिला होता. शटर उचललं तर आतून तापलेल्या धुराचा लोट अंगावर आला. काचेतून आत पाहिलं. हिरवा दिवा लागलेला! बॉनेटवर हात ठेवला, ते थरथरत होतं. गाडी बंद करून ते धावत आत गेले. वहिनी पलंगावर बसायला बघत होत्या, पण बसता येत नव्हतं. डोकं धरून ओकारी काढत होत्या. भाऊंनी त्यांना उचललं, कसं उचललं देव जाणे, आणि लिंबाखाली आणलं. रिक्षा थांबवून दवाखान्यात नेलं. रात्रभर ऑक्सिजन लावला, तेव्हा कुठे सकाळी वहिनींनी चहा मागितला आणि भाऊंचा जीव भांड्यात पडला.

वहिनी घरी आल्या, त्याच दिवशी लीलाधर आला. पुण्याहून मुलगा फोनवर तडतडत होता की असली गाडी परत करा.

"गाडी बंद न करता किल्ली घेऊन उतरलं की ही ओरडते," लीलाधर म्हणाला. "आत ओरडते, बाहेरही ओरडते. त्या दिवशी ओरडली नाही?"

लोटनभाऊंनी त्याचे ओठ वाचले. ते काही बोलणार, तोच वहिनी म्हणाल्या, "नाही ओरडली. मी तिथेच होते."

"मग भोंगाच बिघडलाय. कंपनीवर तक्रार ठोकू," म्हणत लीलाधरनं गाडी रेडीत ठेवली, किल्ली घेतली आणि दार लावून दूर गेला.

भाऊंना काहीच ऐकू आलं नाही. पण त्यांनी पाहिलं, वहिनींची मान चटकन गाडीकडे वळली आणि त्यांनी खाली पाहिलं. म्हणजे गाडी ओरडत होती.

गप्प बसायचं? किती सोपं होतं! त्या दिवशीच ती ओरडली नाही म्हणून दोष गाडीचा ठरला असता, भाऊ राहिले असते आणि पुन्हा एखाद्या दुपारी असंच झालं असतं. भाऊंना रडूच कोसळलं.

"ती ओरडनी व्हई, वहिनी. माले ऐकू येत नही. दोन वरीस व्हयनात. तुमचा जीव मी घेणार होतो."

वहिनी उठून भाऊंच्या अगदी समोर आल्या.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "दीड वर्ष झालं. उगाच का मी तुमच्या समोर येऊन बोलते? मुलाला कळलं तर तुम्हाला काढील म्हणून गप्प बसले. त्या दिवशी ती ओरडली, तेही ऐकलं मी. वाटलं, तुम्ही कराल बंद. चूक तुमची एकट्याची नाही, लोटनभाऊ."

दोघंही एकमेकांना सांभाळत होते आणि त्या सांभाळण्यातच जीव गेला असता! लीलाधरनं गाडी बंद केली आणि कूलरची खिडकी आधी बदला, एवढंच म्हणाला.

वहिनींनी पुण्याला फोन लावला. दाराकडे तोंड करून त्या बराच वेळ मुलाशी बोलल्या, मध्ये एकदा आवाजही चढवला. मग फोन ठेवून, पाठमोऱ्याच, भाऊंना काहीतरी म्हणाल्या.

दोन वर्षांत असं झालं की भाऊ नुसती मान डोलवायचे आणि हो म्हणून टाकायचे. आज त्यांनी डोळे पुसले आणि मोठ्यानं म्हणाले, "ऐकू नाही आलं, वहिनी. पुन्हा सांगा."

वहिनी वळल्या. "उद्या कानाच्या डॉक्टरकडे जायचंय," त्यांनी पुन्हा सांगितलं, "रिक्षानं. मी येतेय सोबत."