काळी बाजू वर

मिरचीच्या रोपांनी दुपारी माना टाकल्या तेव्हा सुनेला वाटलं, पाणी कमी पडलं. वाफ्यावर आच्छादन म्हणून अंथरलेल्या मल्चिंगच्या प्लास्टिक कागदाखाली हात घातला तर माती ओली होती, पण चहाच्या भांड्यासारखी गरम! वरच्या कागदाला तर हात लावता येईना. रोपासाठी पाडलेल्या भोकाच्या कडेला टेकलेले देठ चक्क भाजले होते.

कागद दुरंगी होता, एक बाजू चंदेरी, एक काळी. उन्हाळ्यात चंदेरी वर ठेवायची हे तिला दुकानदाराने बजावलं होतं. पण सासूच्या डोळ्यांचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. "डोळे दिपतात गं, उलटा अंथर," म्हणाली, आणि सुनेने अंथरला. तण काय, दोन्हीकडून मरतंच. एवढंसं मन राखणं अंगाशी आलं.

आता रोपं भोकांतून वर आलेली, कागद उलटवायचा कसा? फाडला तर उघडी माती दोन दिवसांत सुकणार, आणि विहिरीने तर तळ गाठलेला. ही लागवड गेली तर पावसापर्यंत दुसरी नाही. तिने कागदावर माती टाकून पाहिली. ती घसरून सरीत गेली.

"वर पेंढा टाकला तर सावली होईल," ती संध्याकाळी बोलून गेली आणि लगेच जीभ चावली.

पेंढा गाईचा होता. मुळात त्याच्यावरूनच तर कागद आला होता. सुनेला पेंढ्याचंच आच्छादन हवं होतं. जमीन गार राहते, पुढे कुजून खतही होतं. पण सासू आडवी आली होती, "गाभण गाईच्या तोंडचा घास रोपांना? माझ्या जिवंतपणी नाही!"

आता मात्र सासू उठली आणि गोठ्यात गाईपाशी जाऊन बसली. सुनेला ते भांडणापेक्षा वाईट वाटलं.

सकाळी शेतात गेली तर म्हातारी पदर खोचून वाफ्यावर. देठांना न टेकवता, भोकांभोवती मोकळं ठेवून, कागदावर पेंढा पसरत होती. येताना दिसलेली गोठ्यातली पेंढ्याची गंजी निम्म्याहून खाली आलेली.

"आत्या, अहो, गाय काय खाईल?"

"लेकीला निरोप धाडलाय. तिच्याकडे चारा आहे. जावई येतोय न्यायला." मग पेंढ्याची पुढची मूठ पसरत, "उलटा अंथर मीच म्हणाले होते ना? तू कशाला तोंड पाडतेस?"

जावई दुपारी गाय घेऊन गेला. सासू निरोप द्यायला बाहेर आली नाही.

चार दिवसांनी रोपांना नवे शेंडे फुटले. काही गेली, बरीचशी तगली. सून धावतच घरी आली. "आत्या, जगली हो!"

सासू रिकाम्या गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली होती. "बरं झालं," म्हणाली. मग गव्हाणीकडे बघत विचारलं, "तिकडे तिला चारा भिजवून देत असतील का गं? कोरडा खात नाही ती."