आखूड ओ

तिच्या नवऱ्याला पक्षाघाताचा झटका आला आणि त्याची मराठी गेली. वाचा-उपचार करणारी बाई म्हणाली की त्यांना मराठी बऱ्यापैकी समजतंय, पण बोलणं-लिहिणं फक्त लहानपणच्या तमिळमधून येतंय. घरी सराव घ्यायचा तर बायको म्हणून तुम्हाला तमिळ अक्षरं यायला हवीत.

हे ऐकून बायकोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लग्नानंतर तिनं हौसेनं लिपी शिकवा म्हटलं होतं, तेव्हा यानंच उडवून लावलं होतं. फार किचकट आहे, तुला जमायची नाही. मग तो आणि त्याची थोरली बहीण तिच्यासमोर तमिळमध्ये हसत-खिदळत, आणि ही भिंतीसारखी बसून राही.

आता तीच नणंद, अक्का, तिला स्वर गिरवायला लावत होती. அ म्हणजे अ, त्याला खाली वळसा दिला की ஆ, म्हणजे आ. इथवर ठीक होतं. पण ए दोन निघाले. எ आखूड, ஏ लांब, फरक खालच्या तिरक्या रेघेचा. ओसुद्धा दोन. तिच्या कानाला सगळे सारखेच, आणि अक्का पुन्हा पुन्हा म्हणायला लावी. क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच க, हे ऐकल्यावर तर तिनं पेन्सिल आपटली.

"चौघांना एकच खुर्ची? मग बसलंय कोण, हे कळायचं कसं?"

शब्दातली जागा बघून, अक्का शांतपणे म्हणाली. मग अक्षराला ओ जोडायला शिकवलं. उजवीकडे काना आणि डावीकडे, आपली पहिली वेलांटी येते तिथे, वेटोळं. आखूड ओला वेटोळं एकच, लांब ओला दोन.

एके दुपारी सराव चालला होता, अक्काही शेजारी बसली होती. तिनं दाखवलेलं अक्षर ओळखायचं सोडून तो खिडकीबाहेर बघत बसला, आणि तिचा बांध फुटला.

"मला जमणार नाही म्हणालात ना? आता कोण वाचतंय? सांगा, खरंच तसं वाटलं होतं तुम्हाला?"

त्यानं डाव्या हातानं पेन्सिल ओढली आणि कागदावर वेडंवाकडं लिहिलं: பொய்.

तिनं अक्षर अक्षर लावलं. प, त्याला ओ, मग य, डोक्यावर टिंब म्हणजे पाय मोडलेला. "पोऽय्," तिनं लांबवून वाचलं. म्हणजे जाऊन, अक्कानं सांगितलं. त्यानं नाही म्हणून जोरजोरात मान हलवली आणि डावीकडच्या वेटोळ्यावर बोट आपटलं.

वेटोळं एकच होतं.

"पोय्," तिनं आखूड वाचलं.

"अर्थ सांगा, अक्का."

"खोटं," अक्का म्हणाली. मग तिनं सांगितलं की घरात आम्हा दोघा भावंडांचं म्हणून काहीतरी हवं होतं त्याला. मलाही.

त्याचे डोळे भरून आले. तिला मात्र दया आली नाही. उलट इतकी वर्षं फुकट गेल्याचा राग आणखी भडकला. तिनं कागद त्याच्यासमोरून ओढून घेतला, कोऱ्या बाजूला த, म्हणजे त, काढलं आणि अक्काकडे सरकवलं.

"याच्या बाराही स्वरांची रांग लिहून द्या," ती म्हणाली. "आणि यापुढे माझ्यासमोर जे बोलाल, ते सावकाश बोला."