विचारलं कुठं?

अनुश्री मेश्रामनं दीड वर्ष खपून बासष्ट पेपर वाचले आणि बासष्ट परिच्छेद लिहिले. अमुक यांनी २००४ साली अभ्यास केला, त्यांना असं आढळलं. तमुक यांनी २००६ साली अभ्यास केला, त्यांना तसं आढळलं. पुढं अजून साठ. पंगतीतला वाढपी कोणी रुसू नये म्हणून प्रत्येकाच्या पानात एकेक जिलबी टाकत जातो, तशा तिनं सगळ्यांना आठ-आठ ओळी वाढल्या होत्या. बीरगांवच्या कारखान्यांत लागलेल्या बाया दोन-तीन वर्षांत काम काहून सोडतात, हा तिच्या पीएचडीचा विषय. पूर्वसंशोधनाचं हे प्रकरण शुक्रवारी विभागाच्या समितीपुढं जायचं होतं, आणि त्यावर गाईडची सही लागत होती. नोंदणीची मुदत दोनदा वाढवून झालेली. आता अडलं की पाच वर्षं पाण्यात!

गाईड पद्मिनी देशकर मॅडमनी सोमवारी प्रकरण परत केलं.

"ही यादी झाली, अनुश्री. बासष्ट जण काय म्हणतात ते समजलं. तू काय म्हणून राहिली?"

"मी कोण म्हणणारी, मॅडम?"

"मग पीएचडी कोणाची हाये?"

घरी येऊन पोरीनं आधी सोपी वाट धरली. वेतन, आरोग्य, कुटुंब असे तीन मथळे टाकले आणि त्यांच्याखाली तेच परिच्छेद उचलून ठेवले. निम्मे पेपर दोन-दोन मथळ्यांत बसत होते. शिळ्या भाजीवर कोथिंबीर भुरभुरल्यासारखं झालं ते, आणि हे तिलाही कळत होतं. बाबा दोनदा "जेवून घे वो" म्हणून गेले, तरी ही जागची हलली नाही.

मंगळवारी तिनं परिच्छेद बाजूला सारून कॉम्प्युटरवर तक्ता केला. एका ओळीत एक पेपर. कोणाला विचारलं, कसं विचारलं, काय आढळलं, असे रकाने. पेपरांत लिहिलेलंच होतं म्हणून 'कुठं विचारलं' हाही एक रकाना घातला. तक्ता आधी सालाप्रमाणं लावला, मग राज्याप्रमाणं. काहीच दिसेना. मग 'कुठं विचारलं' या रकान्याप्रमाणं लावला, आणि बाई गं!

काम सोडण्याचं कारण सांगणारे पेपर एक्केचाळीस. त्यांतल्या तेवीस जणांनी कारखान्याच्या आवारात विचारलं होतं. तिथं बाया सांगत होत्या: घरची जबाबदारी, लेकरं, सासू. अकरा जणांनी पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, बायांच्या घरी जाऊन विचारलं होतं. तिथं त्याच कामाच्या बाया सांगत होत्या: भट्टीचा उष्मा, चक्कर, दिवसभर लघवीला जागा नाही, सुपरवायझरची नजर. उरलेले सात फोनवरचे, नाहीतर जागाच न सांगणारे; ते तिनं ओढूनताणून कुठंच बसवले नाहीत. इतकी वर्षं ज्याला मतभेद म्हणत होते, तो कदाचित जागेचा फरक होता. आणि एकाच बाईला दोन्ही ठिकाणी कोणीच विचारलं नव्हतं. अनुश्रीचं स्वतःचं काम तिथंच पडलेलं होतं.

मग लेखणी पळू लागली. परिच्छेदाच्या तोंडाशी आता तिचं म्हणणं, त्याला आधार देणारे चार-पाच पेपर एका दमात, मग न पटणारे, आणि ते काहून पटत नाहीत तेही. उरलेले एकवीस पेपर वेतनाचे नि कायद्याचे. ते सुरुवातीला थोडक्यात उरकले. बुधवारी संध्याकाळी ती एका पेपरापाशी येऊन थबकली. पद्मिनी देशकर, २००८. बीरगांवच्याच साठ बायांच्या मुलाखती, मॅनेजरच्या खोलीत. कारण: घरची जबाबदारी. पुढच्या चौदा पेपरांनी याच पेपराचा आधार घेतला होता. यादीत तो एकोणिसावा होता, कोणाच्या अध्यात ना मध्यात. आता मात्र त्याला कुठल्या तरी बाजूला बसवणं भाग होतं. सही करणाऱ्या हाताला कोण चावतं? तिनं तो प्रस्तावनेत 'मोलाचं योगदान' म्हणून टाकला आणि प्रकरण पाठवून दिलं.

गुरुवारी मॅडमनी सगळं प्रकरण वाचलं, मग पुन्हा पहिल्या पानावर आल्या.

"इथं तर तू माझा फोटो हार घालून लावला. मी जिवंत हाये अजून. माझा पेपर बसतो कुठं?"

अनुश्रीनं ते पान उघडलं. "कारखान्यातल्या गटात, मॅडम."

"म्हणजे चुकला?"

"बायांनी सांगितलं तेच तुम्ही लिहिलं. पण मॅनेजरच्या खोलीत बाई दुसरं काय सांगणार?"

मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. अनुश्रीला वाटलं, संपलं आपलं.

"तो दारातच उभा होता," त्या हळूच म्हणाल्या. "पेपरात नाही लिहिलं मी ते. चौदा जणांनी माझं वाक्य उचललं, मॅनेजर कुठं होता हे एकानंही नाही विचारलं." त्यांनी पेन घेतलं, प्रस्तावनेतली स्तुती खोडली आणि कारखान्याच्या गटात सर्वांत वर स्वतःचं नाव नि साल लिहिलं. "या गटात सर्वांत जुना हाये, पहिला हाच येईल. त्याच्यात काय राहून गेलं ते तू लिही. सौम्य नको करू."

मग समितीच्या कागदावर त्यांनी सही केली.

अनुश्री कागद उचलू लागली, तरी मॅडमचा हात त्यांच्यावरून निघेना.

"त्या साठांतल्या काही जणी अजून तिथंच राहत असतील. त्यांच्या घरी जाशील तेव्हा मलेही ने," त्या म्हणाल्या. "बोलतील का गं त्या माझ्याशी?"