फुलाखालचा दिवा

नव्या बोलक्या स्पीकरची पूजा आईनं मला न विचारताच उरकली. तोवर त्याचा नारिंगी दिवा विझला होता. ॲप तासभर तेच सांगत होतं: उपकरण सापडलं नाही. ब्लूटूथ चालू, लोकेशन चालू, माझं डोकं मात्र तापलेलं.

शेवटी माहितीपत्रक वाचलं. दिवा फिरत असतो तेवढाच वेळ ॲपला स्पीकर दिसतो. दिवा विझला तर वरचं बटण दाबून धरायचं. बटणावर आईनं झेंडू वाहिला होता.

"सोमेश, वाहिलेलं फूल सांजेपर्यंत हालवायचं न्हाई," ती म्हणाली.

मी चिडून आडवा झालो. लातूरची दुपार खिडकीच्या पडद्यावर पिवळी हलत होती. अर्धवट झोपेत आईचा आवाज येत राहिला. ती स्पीकरला बाबांविषयी सांगत होती, ते गेल्यापासून मला कधीच न सांगितलेलं.

सांजेला तिनं फूल उचललं. मी बटण धरलं, नारिंगी दिवा फिरला, ॲपला स्पीकर लगेच सापडला. त्यानं गोड आवाजात विचारलं, काय मदत करू?

आईनं पदर सावरला. "दुपारी लई चांगला होता," ती म्हणाली. "नुस्ता ऐकत होता."