पडद्यावरचे हात

खोलीत पाऊल टाकल्यापासूनच नागुबाईला वाटत होतं, इथं कुठंतरी पाणी मुरतंय. बेळगावात लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटी करणारा भरमू तिचं कॅमेऱ्यापुढचं बोलणं कापून जोडत होता. आणि विडी कामगार संघटनेचे मारुतीराव, एरवी घटकाभर एका जागी न टिकणारे, सकाळपासून त्याच्या मानगुटीवर बसले होते.

निपाणीच्या वखारीत तंबाखूच्या धुरळ्यात मालुबाई गुदमरून मेली, तेव्हा शेजारी नागुबाईच होती. तिनं पाहिलेलं सांगितलं होतं, घरी विड्या वळता वळताच. संध्याकाळी ती कॅसेट निपाणीत सगळ्या बायांना दाखवायची होती.

"मावशी, तुमचं 'त्ये काय म्हन्तात' आन् मधलं गप बसनं तेवढं काढलंय," भरमू म्हणाला. "नुसतं कापलं की मुंडी टुणकन् हलल्यागत दिसतीया. म्हनून जोडावर तुमचं हात दावतो. चित्र तेवढं बदलतं, आवाज खाली तसाच चालतो. श्वास मात्र ठेवलाय, न्हाईतर बोलनं पळतंय."

पोराचं काम चोख होतं, सांधा कुठं कळत नव्हता. नागुबाईला त्याचीच भीती वाटली. जे कळत नाही, त्याखाली काय काय पुरता येईल!

ती पडद्याला डोळे लावून बसली. "दार भायेरनं लावलंतं..." असं पडद्यावरची नागुबाई म्हणाली आणि लगेच हात आले, विडीला दोरा गुंडाळणारे. "...आन् मालु पडली."

"थांबीव रं! ह्ये हात खोटं हाईत."

"तुमचंच हाईत की, आक्का," मारुतीराव घाईनं म्हणाले.

"माझंच हाईत. पन त्या येळंला मी सूप खाली ठेवलंतं, बोट दावलंतं. नाव घेताना मी विडी वळीन व्हय?"

भरमूनं मूळ कॅसेट लावली. तिथं ना अडखळणं होतं, ना गप्प बसणं. सूप खाली ठेवून, बोट रोखून ती म्हणत होती, "भावकू मुकादमानं लावलंतं." भावकू म्हणजे मारुतीरावांचा सख्खा मेहुणा.

"मला ह्यांनी आकडं लिहून दिलंतं, कुठनं कुठवर कापायचं त्ये," भरमू चिठ्ठी पुढं करत पुटपुटला. "मी वाचूनसुदीक बघितलं न्हाय."

नागुबाई मारुतीरावांकडं वळली. ह्याच माणसाच्या पाठीमागं ती निपाणीभर घोषणा देत फिरली होती.

"परत घाल त्ये."

"मधी घालता येत न्हाय, मावशी. तिथनं पुढचं सगळं नव्यानं उतरवाय लागंल. दोन तास तरी."

"निपाणीची गाडी चुकंल!" मारुतीराव उठून दाराकडं निघाले.

दाराला आतून कडी घातलेली होती आणि दाराला पाठ लावून नागुबाई कधीच जाऊन बसली होती.

"मी लावलीया," ती म्हणाली. "काम हुईस्तवर बसा. हितं धुरळा न्हाय."