रिकाम्या गाडीचं वजन

आरमोरीच्या भातगिरणीत गुणाबाई काट्यावर बसते, त्याला आता नऊ वर्षं झाली. धानानं भरलेली गाडी काट्यावर येते, वजन होतं; माल उतरवून तीच गाडी रिकामी परत येते, पुन्हा वजन होतं. भरल्यातून रिकामं वजा, उरलं ते निव्वळ. कॉम्प्युटरवर एक साधी एक्सेलची शीट, तिच्यात तीन रकाने. गाडीवाले घाई करतात, "बाई, रिकामी गाडी मागच्या खेपेएवढीच धरा ना." गुणाबाई मान हलवते. "काट्यावर आल्याबिगर मी काईच धरत नाई, भाऊ."

ही सवय तिला तिच्या आईनं लावली. कोठाराशी धान मोजताना आई गायची:

*रिती पायली गं बाई, आधी डोळ्यानं पाहीन,*
*मंग धानाची गं रास, तिच्या मापानं वाहीन.*

त्या शनिवारी दुपारी काटा मोकळा होता. मंगरू, तिचा नवरा, आपला छोटा हत्ती टेम्पो बाहेर उभा करून आत आला. धानाची भाडी मारणारा माणूस, अंगाला कोंड्याचा वास. पण चालीत भलताच तोरा.

"मालूची माय, ते पंचेचाळीस हजार दे मले. दहा दिवसांत साठ करून देतो."

ते पंचेचाळीस हजार म्हणजे मालूची फी. पोरीचा गडचिरोलीत नर्सिंगला नंबर लागला होता; तीन वर्षांचा कोर्स, दरवर्षी पंचेचाळीस. भरायची शेवटची तारीख सोमवार. पैसे गुणाबाईच्या खात्यात होते, तिच्या पगारातून पै-पै जमवलेले.

"सोमवारी भराचे हायेत ते. आन् दहा दिवसांत साठ? कोनतं झाड लावलं तुमी?"

मंगरूनं मोबाईल तिच्यापुढे धरला. क्रिकेटवर पैसे लावायचं ॲप. हिरव्यागार अक्षरात लिहिलं होतं: एकूण जिंकले, दोन लाख एक्केचाळीस हजार तीनशे.

गुणाबाईची कानशिलं तापली. अकरा महिने हा माणूस सांगत होता, डिझेल महाग झालं, भाडी नाहीत. दिवाळीला मालूला ड्रेस घेतला नाही. आणि हे?

"दोन लाख जिंकले, तं घरात काऊन नाई दिसले?"

"पुन्हा लावले ना! फिरत राह्यते पैसा. पन मी फायद्यात हावो, हे कंपनीच सांगून राह्यली. खोटं लिहिन का ते?"

"खोटं नसन. भरल्या गाडीचं वजन लिहिलं हाय त्यायनं. रिकाम्या गाडीचं कुठी हाय?"

मंगरू हसला. "आता क्रिकेटची बी गाडी काट्यावर चढवतं का?"

"चढवतो. या इथी."

तिनं गाड्यांच्या शीटची नक्कल केली आणि रकान्यांची नावं बदलली: तारीख, टाकले, काढले. चौथा रकाना, निव्वळ. त्यात कालच्या निव्वळात आजचे टाकलेले मिळवायचे, काढलेले वजा करायचे. सूत्र एकदा लिहून खाली ओढलं.

"बँकेचं स्टेटमेंट काढा. ॲपचं काई सांगू नका. खात्यातून गेलं ते टाकलं, खात्यात परत आलं ते काढलं. बस."

"आन् बोनस? दीड हजार बोनस भेटला होता."

"खात्यात आला?"

"खात्यात येत नाई तो. खेळाले भेटते."

"मंग त्याले वजन नाई."

मंगरू तारखा वाचू लागला, ती भरू लागली. पाचशे. हजार. पुन्हा हजार. एका रविवारी सात वेळा. दोन-तीन ओळींतून एखादी परत आलेली रक्कम, आणि ती आली की मंगरूचा आवाज चढे. मधेच त्यानं ॲप उघडून दाखवलं. "हे पाय! अठराशे जिंकलो होतो."

"लावले किती होते?"

"हजार."

"म्हंजे आठशे. आन् ते अठराशे तरी खात्यात आले का?"

मंगरूनं बोट खाली सरकवलं. आले नव्हते. दुसऱ्या सामन्यावर लावले, गेले. ॲपच्या हिरव्या आकड्यात मात्र ते अठराशे आजही जिंकलेलेच होते. गुणाबाईनं माउस आपटला.

"कसे लोक हायेत हे! जिंकल्याची बेरीज पयल्या पानावर, हिरवी. हारल्याची बेरीज कुठीच नाई! आमच्या मालकानं असा काटा ठेवला असता, तं शेतकऱ्यायनं गिरणी पेटवली असती."

कोपऱ्यात गिरणीच्या पहिल्या मालकाचा जुना तराजू टांगलेला होता, पन्नास-पंचावन्न सालचा. मंगरू त्याच्याकडेच बघत बसला.

शेवटची ओळ भरली. टाकले: दोन लाख बासष्ट हजार चारशे. काढले: एक लाख एकतीस हजार नऊशे. ॲपात अजून काढता येण्याजोगे साडेसहाशे होते, तेही तिनं न्यायानं वजा केले. निव्वळ गेले, एक लाख एकोणतीस हजार आठशे पन्नास.

"पाहा तुमचा फायदा."

मंगरूनं तोंडावरून हात फिरवला. कोंडा गालाला चिकटला. मग खाली बघत म्हणाला, "अजून हाय."

"काय हाय?"

"बिरजूच्या मोबाईलच्या दुकानात नगद दिले होते. तुले मेसेज दिसू नये म्हनून. तो आपल्या खात्यातून टाके. चार खेपा. पाच, पाच, दहा, पाच हजार."

गुणाबाईचा हात कीबोर्डावर थांबला. तिनं शेवटी चार ओळी जोडल्या. आकडा आपोआप बदलला: एक लाख चौपन्न हजार आठशे पन्नास.

"मालूची तिन्ही वर्षांची फी," ती म्हणाली. "एक लाख पस्तीस. वर जवळजवळ वीस हजार हॉस्टेलले. पोरीची अख्खी नर्सिंग गिळली तुमी. आन् वरून मले विचारून राह्यले, अजून पंचेचाळीस दे!"

"ते वापस आनाचे होते म्हनून तं—"

"कसे आनान? या शीटमंदी एक महिना दाखवा, ज्यात टाकल्याहून काढले जास्त."

मंगरूनं खुर्ची ओढली. एकेक महिना बघितला. एक सापडला, मागचा एप्रिल, पहिलाच. तेराशेच्या फायद्याचा. "यानंच गळ टाकला," तो हळूच म्हणाला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. ॲपच्या कंपनीचा. लाडिक, गोड आवाज. "मंगरू सर, आप हमारे खास ग्राहक हैं. आज दस हजार डालिए, पाँच हजार बोनस."

त्याची नजर एकदा स्क्रीनवरच्या निव्वळावर गेली, एकदा बायकोवर. मग तो असा ओरडला की बाहेरचे हमाल आत डोकावले.

"सर नको म्हनू मले! पयले तुही रिकामी गाडी काट्यावर आन! भरलेली दाखवतं, चोट्या? माह्या पोरीची फी हाय तुह्यापाशी!"

फोन आधीच कटला होता. तो तरी बोलतच होता.

गुणाबाईनं त्याच्यासमोर मालूची फी ऑनलाइन भरली. पावती छापली. मग त्याचा फोन हातात घेतला. "साडेसहाशे काढा. आन् खातं बंद करा, आत्ता."

त्यानं केलं. शेवटचं बटण दाबायला त्याला वेळ लागला; ते तिनं बघितलं आणि तिला बरंही वाटलं, रागही आला. एका दुपारात सवय सुटत नाही, हे तिला कळत होतं.

"ही शीट मिटवतं का?" त्यानं विचारलं.

"नाई. आजपासून रोज सांजच्याले इथी येऊन तुमीच भराची. टाकले शून्य, तं शून्य लिवाचं. आपल्या हातानं."

बाहेर एक ट्रॅक्टर काट्यावर चढला. गाडीवाला ओरडला, "बाई, रिकामं मागच्या खेपेएवढंच धरा!"

गुणाबाई उठायच्या आधी मंगरू दारात गेला.

"उतरवून आन रे पयले," तो म्हणाला. "इथी कोनी काई धरत नाई."